अमरावती विरळ आणि अकोला दाट? शेतजमिनीवरचा भार नेमका कसा मोजतात

२०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २३७ होती. शेजारच्या अकोला जिल्ह्याची ३२०. आकडे पाहिले की कुणालाही वाटेल, अमरावतीत जमीन ऐसपैस आहे आणि अकोल्यात माणसांची दाटी आहे. फरक थोडाथोडका नाही, तब्बल ३५ टक्क्यांचा आहे.

पण वलगावहून भातकुली, दर्यापूरमार्गे अकोल्याच्या हद्दीत जा. काळी जमीन तीच, कापूस-सोयाबीन-तूर तीच आणि शेतांचे तुकडेही तसेच. जमीन ऐसपैस असल्याची एकही खूण वाटेत दिसत नाही. मग हा ३५ टक्क्यांचा फरक गेला कुठे?

उत्तर आहे भागाकारात. घनता काढताना माणसांना कोणत्या जमिनीने भागायचे, यावर सगळे अवलंबून आहे. एका पद्धतीत डोंगर, जंगल, नदी, रस्ते, गावठाण सगळे धरतात. दुसऱ्या पद्धतीत फक्त पिकाखालची जमीन धरतात. या दोन पद्धतींत वऱ्हाडाचे चित्र किती बदलते आणि कोणता आकडा कशासाठी वापरावा, ते समजून घेऊ या.

दोन घनता म्हणजे काय?

आपण बातम्यांत वाचतो ती साधी घनता. भूगोलाच्या भाषेत तिला अंकगणितीय घनता म्हणतात. एकूण लोकसंख्येला एकूण क्षेत्रफळाने भागायचे, झाले. मेळघाटचा कडा असो की अमरावतीचा राजकमल चौक, दोन्हीकडचा चौरस किलोमीटर इथे सारखाच मोजला जातो.

दुसरी आहे कायिक घनता. काही पुस्तकांत तिला शरीरक्रियात्मक घनता म्हणतात, इंग्रजीतून शिकलेल्यांना ती फिजिऑलॉजिकल डेन्सिटी म्हणून माहीत असते. नाव अवघड आहे, पण कल्पना सोपी आहे. माणसाच्या शरीराला अन्न लागते आणि अन्न शेतातून येते. म्हणून एकूण लोकसंख्येला फक्त शेतीखालच्या जमिनीने भागायचे. एक चौरस किलोमीटर शेतीच्या वाट्याला किती तोंडे येतात, हे या आकड्यातून कळते.

वरचा आकडा, म्हणजे लोकसंख्या, दोन्हीकडे तोच असतो. बदलतो तो खालचा. त्यामुळे कायिक घनता साध्या घनतेपेक्षा नेहमी जास्तच येते. किती जास्त, यातच खरी माहिती आहे. सगळीच जमीन शेतीखाली असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतील. जमिनीचा मोठा भाग जंगल, खडक किंवा वाळवंट असेल तर दोन्हींत प्रचंड अंतर पडेल.

याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इजिप्त. देशाचे क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १० कोटींच्या वर. साधी घनता शंभराच्या थोडी पुढे, म्हणजे अमरावतीच्या निम्मीसुद्धा नाही. पण शेती फक्त नाईल नदीच्या काठाने आणि तिच्या मुखाजवळ होते. ती देशाच्या जमिनीच्या ४ टक्क्यांच्या आसपास आहे. तिने भागले की घनता अडीच हजारांच्या वर जाते. याउलट बांगलादेशची साधी घनता हजाराच्या वर आहे, पण तिथली निम्म्याहून जास्त जमीन पिकाखाली असल्याने कायिक घनता दोन हजारांच्या आसपास राहते. साध्या घनतेत बांगलादेश इजिप्तच्या कित्येक पट दाट दिसतो, पण शेतावरचा भार पाहिला तर इजिप्त पुढे निघतो.

आता वऱ्हाडाचा हिशोब करू

एक चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर आणि एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. एवढे लक्षात ठेवले की पुढचा हिशोब सोपा आहे.

२०११ साली अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार होती. क्षेत्रफळ १२,२१० चौरस किलोमीटर. भागाकार केला की २३७ येतात. अकोल्याची लोकसंख्या १८ लाख १४ हजार आणि जनगणनेने धरलेले क्षेत्रफळ ५,६७६ चौरस किलोमीटर. घनता ३२०.

आता शेतीखालची जमीन बघू. अमरावती जिल्ह्यात पिकाखालचे निव्वळ क्षेत्र सुमारे ७ लाख हेक्टर, म्हणजे ७,००० चौरस किलोमीटर आहे. अकोल्यात ते सुमारे ४ लाख ४० हजार हेक्टर, म्हणजे ४,४०० चौरस किलोमीटर. हे आकडे पावसापाण्यानुसार दरवर्षी थोडे हलतात, म्हणून गोल आकडे घेतले आहेत.

| | अमरावती | अकोला |
|---|---|---|
| साधी घनता (दर चौ. किमी) | २३७ | ३२० |
| कायिक घनता (दर चौ. किमी शेती) | सुमारे ४१३ | सुमारे ४१२ |
| माणशी एकूण जमीन | सुमारे ४२ गुंठे | सुमारे ३१ गुंठे |
| माणशी शेतजमीन | सुमारे २४ गुंठे | सुमारे २४ गुंठे |

३५ टक्क्यांचा फरक नाहीसा झाला. एकूण जमीन वाटली तर अमरावतीकराच्या वाट्याला ११ गुंठे जास्त येतात. पण शेतजमीन वाटली तर दोन्हीकडे माणशी साधारण २४ गुंठे, म्हणजे जेमतेम सहा दशांश एकर.

गोल आकडे घेतल्यामुळे तर असे झाले नाही ना, अशी शंका येणे योग्य आहे. तपासून पाहू. अमरावतीची शेती ७ लाखांऐवजी ७ लाख ४० हजार हेक्टर धरली तर घनता ३९० येते. अकोल्याची ४ लाख ३० हजार धरली तर ४२२. म्हणजे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकवला तरी फरक ८ टक्क्यांच्या आसपास राहतो. तो काही केल्या ३५ टक्क्यांवर जात नाही. निष्कर्ष टिकतो.

अमरावतीची उरलेली जमीन गेली कुठे?

अमरावतीच्या नकाशात वरच्या बाजूला सातपुड्याची रांग आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. इथले क्षेत्र सुमारे ४ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जिल्ह्याचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यातले बहुतांश जंगल आहे. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले, त्यांत मेळघाट होता. या दोन तालुक्यांत २०११ साली सुमारे ३ लाख लोक राहत होते.

हा भाग बाजूला काढून हिशोब केला तर काय होते? लोकसंख्या राहते सुमारे २५ लाख ८५ हजार आणि क्षेत्र राहते सुमारे ८,२०० चौरस किलोमीटर. साधी घनता येते ३१५. अकोल्याची ३२० आहे. दोघे पुन्हा शेजारी येऊन बसले.

म्हणजे अमरावतीचा मैदानी भाग अकोल्याइतकाच भरलेला आहे. जिल्ह्याची सरासरी खाली ओढली आहे ती मेळघाटच्या जंगलाने. वलगावच्या शेतकऱ्याला त्या जंगलाचा पेरणीसाठी काही उपयोग नाही आणि असूही नये. पण साध्या घनतेच्या आकड्यात ते जंगल त्याच्या नावावर मोकळी जमीन म्हणून जमा होते. जिल्ह्यात जागेला काय तोटा आहे, असे कुणी २३७ या आकड्यावरून म्हणाले तर तो ही मोकळी जमीन मेळघाटातून मोजतो आहे.

मेळघाटात तरी जमीन मुबलक आहे का?

उलट दिशेनेही हाच घोटाळा होतो. ४ हजार चौरस किलोमीटरमध्ये ३ लाख लोक म्हणजे साधी घनता फक्त ७५. महाराष्ट्राची सरासरी ३६५ आहे. त्या मानाने मेळघाट जवळजवळ रिकामा वाटतो.

पण इथला कोरकू शेतकरी जंगलात पेरत नाही. तो दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर आणि उतारावरच्या पट्ट्यांत पेरतो. समजा, मेळघाटातली पाव जमीन शेतीखाली आहे. मग ७५ ची घनता एकदम ३०० होते. आणि ती ३०० सुद्धा दर्यापूरच्या ३०० सारखी नाही. उतारावरची माती पातळ, पाऊस भरपूर पडला तरी वाहून जाणारा आणि पीक बहुतेक ठिकाणी एकच. काढणी झाली की कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबे त्यामुळेच इतकी आहेत. ७५ या आकड्यावरून हे स्थलांतर समजूच शकत नाही. इतकी विरळ वस्ती असताना लोक गाव सोडून का जातात, असाच प्रश्न पडेल. शेतजमिनीने भागले की प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

कायिक घनता सगळे सांगते का?

नाही. तिचीही एक मोठी मर्यादा आहे. तिच्या दृष्टीने शेतीचा प्रत्येक हेक्टर सारखाच असतो. वऱ्हाडात तसे म्हणणे धाडसाचे आहे.

कोल्हापूर जिल्हा घ्या. २०११ ची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार, साधी घनता ५०४. कायिक घनता काढली तर नऊशेच्या आसपास जाते, म्हणजे अमरावतीच्या दुपटीहून जास्त. नुसत्या आकड्यावर विसंबलो तर कोल्हापूरच्या जमिनीवर अमरावतीच्या दुप्पट ताण आहे असे म्हणावे लागेल. पण तिथे नद्यांना बारमाही पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत. ओलिताच्या एका एकरात जे उत्पन्न निघते ते वऱ्हाडातल्या कोरडवाहू एकराशी तोलता येत नाही. इजिप्त एवढा भार पेलतो तेही नाईलच्या पाण्यामुळेच. तिथे एकाच शेतात वर्षाला दोन पिके सहज निघतात.

अमरावती विभाग सिंचनात राज्यात मागे आहे. सिंचनाचा अनुशेष हा शब्द इथल्या प्रत्येक अधिवेशनात ऐकू येतो. शेतीचा मोठा भाग खरिपाच्या पावसावर उभा आहे. सोयाबीन काढल्यावर विहिरीला पाणी असेल तर हरभरा, नसेल तर रान पुढच्या जूनपर्यंत मोकळे.

त्यातही एक पट्टा असा आहे की तिथे पाणी असूनही ते पिकाला देता येत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावे त्यात येतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांचे मोठे भाग या पट्ट्यात आहेत. इथले भूजल खारे आहे. ते सतत दिले तर चिकण काळ्या मातीत सोडियम साठतो, मातीची घडण बिघडते, पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात दगडासारखी ढेकळे. म्हणून बोअर मारून बागाईत करायचा मार्ग इथे बंद आहे. कायिक घनतेच्या हिशोबात मात्र खारपाणपट्ट्यातला एक हेक्टर आणि वरूड-मोर्शीच्या संत्राबागेतला एक हेक्टर एकाच मापाने मोजला जातो.

त्यामुळे ४१३ आणि ४१२ हे आकडे जवळजवळ सारखे आले म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावावर सारखाच भार आहे, असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढेच की जिल्ह्यांच्या पातळीवर माणूस आणि शेतजमीन यांचे प्रमाण सारखे आहे. जमिनीचा कस आणि पाणी यांचा विचार त्यानंतर वेगळा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. कायिक घनता वाढली म्हणजे लोक उपाशी राहतील, असेही नाही. वऱ्हाडी शेतकरी कापूस, सोयाबीन, संत्री विकतो आणि गहू-तांदूळ दुकानातून किंवा रेशनवर घेतो. इथले धान्य इथल्याच शेतातून यावे लागत नाही. मुंबई शहर जिल्ह्यात तर शेतीच नाही. तिथे शेतीने भागायला गेलो तर भागाकारच होत नाही. जो प्रदेश बाहेरून अन्न आणतो, तिथे हा आकडा भुकेबद्दल काही सांगत नाही. जिथे लोकांचे उत्पन्न मुख्यतः त्याच जमिनीतून येते, तिथे तो बोलका असतो.

तिसरा आकडा : जमिनीवर खरोखर किती जण जगतात?

अमरावती शहरात २०११ साली साधारण साडेसहा लाख लोक राहत होते. त्यांतल्या बँकेतल्या कारकुनाचा किंवा दुकानदाराचा भार वलगावच्या शेतावर थेट पडत नाही. म्हणून अभ्यासक तिसरा आकडाही काढतात. त्याला कृषी घनता म्हणतात. यात एकूण लोकांऐवजी फक्त शेतीवर जगणारे लोक घ्यायचे आणि त्यांना शेतजमिनीने भागायचे.

ढोबळ अंदाजासाठी ग्रामीण लोकसंख्या घेऊन बघता येते. अमरावतीत ती सुमारे साडेअठरा लाख होती, अकोल्यात सुमारे अकरा लाख. शेतीने भागले की अमरावतीत २६४ आणि अकोल्यात २४९ येतात. म्हणजे क्रम उलटला. साध्या घनतेत विरळ दिसणारी अमरावती इथे अकोल्याच्या किंचित पुढे आहे. हा फरक लहान आहे, त्यावर मोठा निष्कर्ष काढू नये. पण अकोल्यात जास्त लोक शहरांत राहतात, हे त्यामागचे कारण खरे आहे.

जमिनीवरचा भार वर्षानुवर्षे कसा वाढला, हे पाहायला राज्याची कृषी गणना उपयोगी पडते. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात शेतीची सुमारे ४९ लाख ५१ हजार खाती होती आणि एका खात्यामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये खाती दीड कोटीच्या वर गेली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली. जमीन तेवढीच, वाटण्या तिपटीहून जास्त. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या १९६१ ते २०११ या ५० वर्षांत दुपटीहून अधिक झाली, पण शेतजमीन त्या प्रमाणात वाढायला जागाच नव्हती. मैदानात नांगराखाली यायची ती जमीन फार पूर्वीच आली होती.

वलगावसारख्या गावात आकडे काय सांगतात?

वलगाव अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी आहे. शहर साधारण दहा किलोमीटरवर. गाडगेबाबांचे २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, पेढी नदीजवळ निधन झाले, म्हणून हे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. शहराला इतक्या जवळ असलेल्या गावात हे तिन्ही आकडे एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागतात. एक कल्पित गाव घेऊन पाहू. यातले आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत, ते वलगावचे नाहीत.

समजा, शहरालगतच्या एका गावाचे क्षेत्र १,५०० हेक्टर आहे. त्यातले १,२५० हेक्टर पिकाखाली. लोकसंख्या १०,०००. शेतीवर थेट काम करणारे १,०००. साधी घनता ६६७, कायिक घनता ८००, कृषी घनता ८०.

दहा वर्षांत रस्त्याकडेच्या १०० हेक्टरवर लेआउट पडतात. शेते एनए होतात, प्लॉट विकले जातात, ३,००० माणसे राहायला येतात. काही जण शेती सोडतात, शेतीवर ८५० उरतात. पिकाखाली आता १,१५० हेक्टर.

साधी घनता ६६७ वरून ८६७ झाली, म्हणजे ३० टक्के वाढ. कायिक घनता ८०० वरून १,१३० झाली, ४१ टक्के वाढ. ती जास्त वेगाने वाढली, कारण इथे भागाकाराच्या दोन्ही बाजू हलल्या. वर माणसे वाढली आणि खाली जमीन घटली. साध्या घनतेत खालचा आकडा १,५०० हेक्टरच राहतो, तिथे शेत गेले की राहिले याची नोंदच होत नाही. शेतजमीन घटते आहे हे ओळखायचे असेल तर कायिक घनता साध्या घनतेच्या पुढे पळते आहे का, हे पाहायचे.

पण कृषी घनता? ती ८० वरून ७४ वर आली. भार कमी झाला! कारण नवे ३,००० लोक शहरात नोकरी-धंदा करतात आणि जुन्यांतले काही शेतीतून बाहेर पडले.

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. साधी घनता सांगते की गावाला पाणी, रस्ते, शाळा आता किती लोकांना पुरवायच्या आहेत. कायिक घनता सांगते की शेतजमीन दुर्मिळ होत चालली आहे आणि तिच्यासाठी ओढाताण वाढली आहे. ती ओढाताण पोटासाठी नाही, प्लॉटसाठी आहे, हे मात्र आकड्यात दिसत नाही. कृषी घनता सांगते की जे शेतीत उरले त्यांच्या वाट्याला किती जमीन आहे. एकच आकडा हाती घेऊन गावाची गोष्ट सांगणारा बहुधा उरलेले दोन आकडे झाकतो आहे.

शहरापासून लांब, खारपाणपट्ट्यातल्या गावात हेच आकडे वेगळे बोलतील. तिथे लेआउट नाहीत, शहरातली नोकरी जवळ नाही. तिथे कायिक आणि कृषी घनता बरोबरीने वाढत असतील तर तो खराखुरा जमिनीवरचा भार आहे.

आपल्या गावाचा आकडा कसा काढायचा?

२०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या आणि जमिनीच्या वापराचे हेक्टरमधले आकडे मिळतात. जंगल, बिगरशेती वापर, पडीक, निव्वळ पेरणी क्षेत्र असे रकाने त्यात असतात. तलाठी कार्यालयातल्या गाव नमुना ११ मध्ये पिकांचा गोषवारा असतो. हिशोब असा करायचा :

```
कायिक घनता = लोकसंख्या × १०० ÷ निव्वळ पेरणी क्षेत्र (हेक्टर)
```

शंभराने गुणायचे ते हेक्टरचे चौरस किलोमीटर करण्यासाठी.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. पहिली, निव्वळ पेरणी क्षेत्राऐवजी एकूण पेरणी क्षेत्र घेणे. एकूण क्षेत्रात खरीप आणि रब्बी अशी दोन पिके घेतलेले शेत दोनदा मोजले जाते. त्याने भागले की घनता खोटीच कमी दिसते. गावात पिकाखालची जमीन गावाच्या क्षेत्रफळापेक्षाही जास्त निघाली तर हीच चूक झाली आहे, हे ओळखावे.

दुसरी, वेगवेगळ्या हद्दींचे आकडे एकत्र करणे. अकोल्याच्या बाबतीत हे हमखास होते. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या अकोल्याच्या क्षेत्रात वाशीमही आहे. जुने क्षेत्र आणि नवी लोकसंख्या घेतली तर अकोला एका रात्रीत विरळ होतो.

तिसरी, वर्षांची सरमिसळ. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे लोकसंख्येचा शेवटचा पक्का आकडा २०११ चा आहे. त्याला ताज्या ई-पीक पाहणीच्या क्षेत्राने भागले तर वरचा आकडा जुना आणि खालचा नवा होतो. शहरालगतच्या गावांत यामुळे भार आहे त्यापेक्षा बराच कमी दिसेल. दोन्ही आकडे शक्यतो एकाच काळातले घ्यावेत, नाहीतर उत्तराशेजारी दोन्ही वर्षे लिहावीत.

पुढच्या वेळी फोनवर एखाद्या जिल्ह्याच्या घनतेचा आकडा आला की तो कोणत्या जमिनीने भागून काढला आहे, हे आधी बघा. त्यात मेळघाटसारखे जंगल धरले असेल तर शेतीबद्दल त्या आकड्यावरून काहीच ठरवता येणार नाही.